७२ चा नियम: पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात आणि हा हिशोब नेमका कुठे फसतो

मागच्या वर्षी काका एका स्कीमचं माहितीपत्रक घेऊन घरी आले होते. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की ८ वर्षांत रक्कम दुप्पट, आणि त्याच्याखाली, म्हणजेच वर्षाला १२.५ टक्के. काका म्हणाले, "अरे दुसरीकडे मला ९ टक्के देतायत आणि इथे साडेबारा, मग तिकडे कशाला ठेवू, सगळे इथेच टाकतो." मी ७२ ला ८ ने भागलं, उत्तर आलं ९, आणि म्हटलं, "काका, हे पण ९ टक्केच आहेत." त्यांचा विश्वास बसेना, कारण छापलेलं तर साडेबारा होतं, आणि त्यांचंही गणित बरोबरच दिसत होतं, १०० चे २०० झाले म्हणजे १०० मिळाले, ८ वर्षांत १०० म्हणजे वर्षाला साडेबारा. मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि तासभर तेच केलं. ज्यांना हा नियम माहीतच नाही किंवा नुसता ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी तोच तास इथे लिहितोय, थोडा जास्त सविस्तर.

आधी नियम, आणि तो एकदा हाताने करून बघा

नियम एका ओळीचा आहे. वर्षाला जितके टक्के मिळतात त्या आकड्याने ७२ ला भागायचं, येईल तितक्या वर्षांत रक्कम साधारण दुप्पट होते. ६ टक्के असतील तर १२ वर्षं, ८ टक्के असतील तर ९ वर्षं, १२ टक्के असतील तर ६ वर्षं. भागताना ६, ८, १२ असाच आकडा घ्यायचा, ०.०६ वगैरे करायचं नाही, सुरुवातीला बरेच जण इथे अडखळतात आणि मग उत्तर १२०० वर्षं येतं.

पण मी सांगतो म्हणून मानू नका, एकदा कागदावर ८ टक्क्यांचं करून बघाच. १०० घ्या. पहिल्या वर्षाअखेर १०८. दुसऱ्या वर्षी व्याज १०८ वर बसतं, म्हणून ११६.६४. तिसऱ्या वर्षी १२५.९७, मग १३६.०५, मग १४६.९३, सहाव्या वर्षी १५८.६९, सातव्या वर्षी १७१.३८, आठव्या वर्षी १८५.०९ आणि नवव्या वर्षाअखेर १९९.९०. दुप्पट व्हायला १० पैसे कमी. ७२ ला ८ ने भागून ९ आले होते, आणि खरंच ९ वर्षांत झालं.

आता याच ओळीत दर वर्षी भर किती पडली ते बघा. पहिल्या वर्षी ८ ची भर पडली आणि नवव्या वर्षी जवळपास १५ ची. टक्का तोच, ८, पण तो मोठ्या रकमेवर बसतोय. म्हणून १०० ची भर पडायला साडेबारा वर्षं लागत नाहीत, ९ पुरतात. काकांच्या माहितीपत्रकातली गफलत इथेच होती. त्यांनी एकूण वाढ घेऊन ती ८ वर्षांवर सारखी वाटली, म्हणजे व्याजावर व्याज जणू नाहीच असं धरलं, आणि मग तो आकडा अशा जागी छापला जिथे वाचणारा तो चक्रवाढीच्या ९ टक्क्यांशी शेजारी ठेवून बघणार. खरोखर चक्रवाढीने १२.५ टक्के मिळाले असते तर ८ वर्षांत १०० चे जवळपास २५७ झाले असते. २०० होणार असतील तर तो दर ९ च्या आसपासच आहे, नेमका काढला तर ९.०५.

७२ च का

हे नाही वाचलं तरी चालेल पण वाचलं तर पुढची दुरुस्ती लक्षात राहते. समजा व्याज वर्षाअखेर एकदाच न मिळता क्षणाक्षणाला मुद्दलात मिसळत राहिलं, तर दुप्पट व्हायला टक्का गुणिले वर्षं हा गुणाकार ६९.३ येतो, कारण २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३ आहे. पण आपल्याला व्याज वर्षातून एकदा मिळतं असं धरतो, तोवर त्या व्याजावर व्याज नाही, म्हणून जरा जास्त वेळ लागतो आणि तो आकडा ६९.३ च्या वर सरकतो. किती सरकतो ते टक्क्यावर अवलंबून. १ टक्क्याला तो ६९.७ असतो, ८ टक्क्यांना ७२ च्या अगदी जवळ येतो, २० टक्क्यांना ७६ होतो.

म्हणजे ७२ हा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास बरोबर आहे, बाकी ठिकाणी तो जवळपासचा आहे. तरी तोच का टिकला, तर त्याला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी पूर्ण भाग जातो आणि तोंडी हिशोबात ही फार मोठी सोय आहे. ६९.३ ला ८ ने तोंडी भागून बघा म्हणजे कळेल. नियम तसा खूप जुना आहे, लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात तो आहे, फक्त तो का चालतो हे त्याने तिथे सांगितलेलं नाही.

टक्का ८ पासून लांब असेल तर

एक छोटी दुरुस्ती आहे, मला ती मूळ नियमाइतकीच आवडते कारण ती पण तोंडी होते. टक्का ८ पेक्षा दर ३ ने जास्त असेल तर ७२ मध्ये १ मिळवायचा, दर ३ ने कमी असेल तर १ वजा करायचा, आणि मग भागायचं.

२० टक्के घ्या. ८ पासून १२ ने लांब, १२ मध्ये ३ चार वेळा, म्हणून ७२ चे ७६. ७६ भागिले २० म्हणजे ३.८ वर्षं. नेमकं उत्तर पण ३.८ च आहे. दुरुस्ती न करता ३.६ आलं असतं, म्हणजे अडीच महिन्यांची चूक. खाली २ टक्के घ्या, ८ पेक्षा ६ ने कमी, म्हणून ७०, भागिले २ म्हणजे ३५ वर्षं, आणि नेमकं उत्तरही ३५. साधा नियम ३६ सांगतो.

दुरुस्ती कधी करायची आणि कधी सोडून द्यायची याचा माझा अंदाज असा की ५ ते १२ टक्क्यांमध्ये काही करू नका, फरक फार तर दोन-अडीच महिन्यांचा पडतो आणि पुढे सांगतोय त्या चुका याच्या कितीतरी पट मोठ्या असतात. १५ च्या वर गेलात की करा. आणि ४०, ५० टक्के असले आकडे कुणी सांगत असेल तर ७२ वापरूच नका. ५० टक्क्यांना ७२ चा नियम म्हणतो १.४४ वर्षं पण खरे १.७१ लागतात, आणि १०० टक्क्यांना तर तो ०.७२ वर्षं सांगतो, जेव्हा शाळकरी पोरालाही कळतं की १०० टक्के म्हणजे बरोब्बर एक वर्ष.

अजून एक बारीक गोष्ट. १० टक्क्यांना उत्तर ७.२ वर्षं येतं, नेमकं ७.२७. पण व्याज वर्षाअखेरच जमा होत असेल तर मधल्या त्या तीन महिन्यांना खात्यात काहीच हलत नाही. सातव्या वर्षाअखेर १९४.८७ दिसतील आणि आठव्या वर्षाअखेर एकदम २१४.३६. तेव्हा ज्याला नेमक्या तारखेला दुप्पट रक्कम हातात लागते त्याने ७.२ चा अर्थ ८ असाच घ्यावा.

खरं काम: टक्का कोणता घ्यायचा

भागाकार कुणालाही येतो. नियम फसतो तो खाली घालायचा आकडा चुकीचा घेतल्यामुळे, आणि मी जितक्या चुका पाहिल्यात (माझ्या स्वतःच्या धरून) त्यातल्या जवळजवळ सगळ्या इथल्याच आहेत. म्हणून भागण्याआधी चार प्रश्न विचारायचे, क्रमाने.

पहिला प्रश्न, व्याज मुद्दलात मिसळतं का, की ते दर वर्षी हातात देतात? हातात देत असतील आणि तुम्ही ते खर्च करत असाल किंवा नुसतं पडून राहत असेल तर ते सरळव्याज झालं आणि तिथे ७२ चा काही संबंध नाही. सरळव्याजाला १०० ला टक्क्याने भागायचं. ८ टक्के असतील तर साडेबारा वर्षं. ९ आणि साडेबारा, फरक साडेतीन वर्षांचा आहे, आणि कागदावर दोन्हीकडे "८ टक्के" एवढंच लिहिलेलं असतं. फॉर्म भरताना "व्याज दरवर्षी घेणार की मुदतीअखेर" असं विचारतात तेव्हा खरं तर हाच पर्याय तुम्ही निवडत असता.

दुसरा प्रश्न, किती वेळा मिसळतं? वर्षाला १२ टक्के सांगितले पण ते महिन्याला १ टक्का असे दर महिन्याला मिसळत असतील तर वर्षाअखेर १२ नाही, १२.६८ टक्के पडतात. इथे सोपा उपाय म्हणजे वर्ष विसरायचं आणि महिन्यातच हिशोब करायचा, टक्का महिन्याचा घ्यायचा आणि उत्तर पण महिन्यांत वाचायचं. महिन्याला १ टक्का म्हणून ७२ भागिले १, ७२ महिने. आता मघाची दुरुस्ती इथे लावा, १ हा ८ पेक्षा ७ ने कमी आहे, ७ भागिले ३ म्हणजे सव्वादोनच्या जरा वर, तेव्हा ७२ मधून तेवढे गेले, साधारण ६९.७ महिने राहिले. नेमकं उत्तर ६९.६६ आहे. म्हणजे ५ वर्षं आणि जवळपास १० महिने. वर्षाला एकदाच मिसळणाऱ्या १२ टक्क्यांना याच कामाला ६ वर्षं दीड महिना लागतो.

हेच उलट्या बाजूने कर्जाला लावून बघा, तिथे ते जास्त टोचतं. थकलेल्या रकमेवर महिन्याला ३ टक्के लागत असतील आणि काहीच भरलं नाही तर ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिन्यांत देणं दुप्पट, दुरुस्ती केली तर साडेतेवीस. बरेच जण मनात १०० भागिले ३ करतात आणि समजतात की अजून ३३ महिने आहेत. तेवढे नसतात, कारण थकलेलं व्याजही पुढच्या महिन्यात व्याज खातं.

तिसरा प्रश्न, मधे कापलं काय जातं? शुल्क, व्याजावरचा कर, जे काही दर वर्षी वजा होतं ते टक्क्यातून आधी काढायचं आणि मग भागायचं. समजा ८ टक्के वाढ आहे आणि दर वर्षी दीड टक्का शुल्क आहे. दीड टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण हातात राहिले ६.५, आणि ७२ भागिले ६.५ म्हणजे ११ वर्षं. ९ च्या जागी ११. आता ३६ वर्षांचा पल्ला घ्या, एखादा नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंतचा साधारण तेवढा असतो. ८ टक्क्यांनी ३६ वर्षांत ४ वेळा दुप्पट, १०० चे २००, ४००, ८००, १६००. ६.५ टक्क्यांनी ३६ वर्षांत सव्वातीन वेळा दुप्पट, म्हणजे ८०० च्या थोडं पुढे, नेमका हिशोब केला तर ९६५. जो शेवटचा दुपटीचा टप्पा सगळ्यात मोठा असतो तोच जवळपास अख्खा त्या दीड टक्क्यात गेला. शुल्काकडे लोक "दीडच टक्का आहे" म्हणून बघतात, मला वाटतं त्याकडे "दुपटीला दोन वर्षं जास्त" असं बघावं, मग ते लहान वाटत नाही.

कराचं पण तसंच, दर वर्षी व्याजाचा चौथा हिस्सा करात जात असेल तर ८ चे ६ राहिले आणि ९ वर्षांचे १२ झाले. कर जर शेवटी एकदाच लागत असेल तर मात्र असं आधी कापू नका, मधली वर्षं पूर्ण टक्क्याने वाढतात आणि शेवटी एकदम तुकडा जातो, तो हिशोब वेगळा होतो.

चौथा प्रश्न महागाईचा. दुप्पट झालेल्या रकमेत दुप्पट वस्तू येणार का? महागाई ६ टक्के असेल तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत किमतीच दुप्पट होतात, तेव्हाचे २०० आजच्या १०० इतकंच काम करणार. तुम्हाला ८ टक्के मिळत असतील आणि महागाई ६ असेल तर खरी वाढ २ टक्क्यांच्याही जरा खाली आहे, १.०८ भागिले १.०६ करून बघा, १.८९ टक्के येतात. खरेदीची ताकद दुप्पट व्हायला मग ३७ वर्षं लागतात. आकडा ९ वर्षांत दुप्पट आणि ताकद ३७ वर्षांत, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. मी स्वतः आता दोन्ही उत्तरं शेजारी लिहितो, कारण एकच लिहिलं की तेच डोक्यात राहतं.

उलटं वापरा, जास्त उपयोगी आहे

मला विचाराल तर या नियमाचा रोजचा उपयोग वर्षं काढायला कमी आणि टक्का काढायला जास्त. कुणी म्हणालं "इतक्या वर्षांत दुप्पट" की ७२ ला वर्षांनी भागायचं, तो टक्का आला. ८ वर्षं म्हणजे ९ टक्के, १० वर्षं म्हणजे ७.२, ६ वर्षं म्हणजे १२. मग हा टक्का तुमच्या बाकीच्या पर्यायांशी तोलून बघता येतो, कारण आता दोन्ही एकाच मापात आहेत.

फक्त वर्षं कमी असतील तर हा उलटा हिशोब टक्का कमी दाखवतो हे लक्षात ठेवा. ३ वर्षांत दुप्पट म्हणणाऱ्याचा टक्का ७२ भागिले ३, २४ येतो, खरा तो जवळपास २६ आहे. २ वर्षांत दुप्पटला नियम ३६ म्हणतो, खरे ४१.४. म्हणजे असं वचन जितकं मोठं दिसतंय त्याहूनही मोठं आहे, आणि मग असा टक्का सलग देण्याइतकं कमावतंय कोण आणि कशातून, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा.

ज्यांना नेमकंच हवंय त्यांनी स्प्रेडशीटमध्ये हे टाका, पहिल्या ओळीत ८ टक्क्यांना लागणारी वर्षं मिळतात, दुसऱ्या ओळीत ८ वर्षांत दुप्पट व्हायला लागणारा दर:

```
=LN(2)/LN(1+0.08)
=2^(1/8)-1
```

पहिल्याचं उत्तर ९.००६ येईल, दुसऱ्याचं ०.०९०५, म्हणजे ९.०५ टक्के. आपला टक्का आणि आपली वर्षं त्यात बदलून बघत बसा थोडा वेळ, हाताला अंदाज बसतो.

जिथे हा नियम लावायचाच नाही

एक म्हणजे वर-खाली होणारा परतावा, आणि इथे मी स्वतः चुकलोय. एका वर्षी २० टक्के खाली आणि पुढच्या वर्षी ४० टक्के वर, सरासरी काढली तर १० टक्के, मग ७२ भागिले १०, सव्वासात वर्षं असं मी मोकळेपणाने धरून चाललो होतो. पण १०० चे आधी ८० होतात आणि मग ८० वर ४० टक्के म्हणजे ११२. दोन वर्षांत १२ टक्के, म्हणजे वर्षाला ६ पेक्षाही कमी, नेमके ५.८३. असंच आलटून पालटून चालत राहिलं तर आठव्या वर्षाअखेर १५७ असतात आणि बाराव्या वर्षाअखेर कुठे १९७. सव्वासात म्हणता म्हणता १२ वर्षं. पडलेली रक्कम वर येताना लहान मुद्दलावरून येते म्हणून साधी सरासरी नेहमी जास्त दाखवते, आणि चढउतार जितके मोठे तितका फरक मोठा. तेव्हा अशा ठिकाणी "सरासरी परतावा" असं लिहिलेला आकडा ७२ च्या खाली घालू नका, सुरुवातीची रक्कम आणि शेवटची रक्कम यावरून निघालेला वार्षिक चक्रवाढ दर मागा, आणि तोही मागच्या वर्षांचा असतो, पुढच्यांचा नाही.

दुसरं म्हणजे दर महिन्याला किंवा दर वर्षाला थोडं थोडं भरता ते. ७२ चा नियम एकरकमी ठेवलेल्या आणि न हलवलेल्या पैशांसाठी आहे. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला १० असे १० वर्षं भरले, एकूण १००, दर ८ टक्के. लोक म्हणतात ९ वर्षांत दुप्पट होतं, इथे तर १० वर्षं झाली, मग २०० च्या वर असायला हवेत. असतात १५६. कारण पहिले १० पूर्ण १० वर्षं वाढलेत पण शेवटचे १० फक्त एकच वर्ष. तेच १०० पहिल्याच दिवशी एकरकमी ठेवले असते तर १० वर्षांनी २१६ झाले असते. त्यामुळे हप्त्याच्या योजनेत "माझे दुप्पट कसे नाही झाले" म्हणून घाबरायचंही कारण नाही, तिथे हे माप लागूच पडत नाही. प्रत्येक हप्त्याला स्वतंत्रपणे लावलं तर चालतं, पहिला हप्ता नवव्या वर्षाअखेर दुप्पट, दुसरा दहाव्या, असं.

मधेच पैसे काढले तरी हीच गोष्ट, आणि दर मधेच बदलला तर बदलेपर्यंतचा हिशोब वेगळा आणि पुढचा वेगळा.

काकांच्या कागदाचं पुढे काय झालं

त्या दिवशी ९ आणि ९ अशी बरोबरी झाल्यावर काका म्हणाले मग काय फरक पडतो, कुठेही ठेवू. मी म्हटलं चार प्रश्न विचारून या. ते दुसऱ्या दिवशी गेले आणि वहीत उत्तरं लिहून आणली. व्याज मुद्दलातच राहणार होतं, म्हणजे पहिला प्रश्न मिटला. दुसऱ्याला उत्तर असं की मधे काही दिसणार नाही, ८ वर्षांनी एकदम रक्कम, ते पण ठीक, दर आपल्याला शेवटच्या रकमेवरून काढता येतो. तिसऱ्यावर मात्र कळलं की सुरुवातीलाच २ टक्के कापून उरलेल्यावर "दुप्पट" मोजतात, आणि हे माहितीपत्रकात शेवटच्या पानावर होतं.

मग पुन्हा बसलो. १०० दिले, २ कापले, ९८ चे दुप्पट १९६. काकांच्या खिशातून गेले १०० आणि ८ वर्षांनी येणार १९६, हा दर निघतो ८.७८ टक्के, पावणेनऊच धरा. दुसरीकडे ९ टक्के होते, दर वर्षी मिसळणारे, काही न कापता, तिथे ८ वर्षांत १९९.२६ होत होते. महागाई दोन्हीकडे सारखीच लागणार म्हणून चौथा प्रश्न निवडीपुरता बाजूला ठेवला. काकांनी १९६ आणि १९९.२६ हे दोन आकडे माहितीपत्रकावरच्या १२.५ च्या शेजारी पेनाने लिहिले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि पैसे ९ टक्क्यांनाच ठेवले.